प्रबंधाच्या मुद्रितशोधनाचे दरपत्रक कसे वाचावे

तुम्ही चौकशी केलीत की आमच्याकडून ईमेलने दरपत्रक येते. त्यातला आकडा कुठून आला आणि त्या पैशांत काय काय होते, ते इथे एका नेहमीच्या प्रकारच्या उदाहरणाने सांगितले आहे. समजा, मुक्तिपूर्व गोव्यातील मराठी नियतकालिकांवरचा पीएच.डी.चा प्रबंध आहे.

दर आम्ही तुमच्या छापील पानांवर लावत नाही. अक्षराचा आकार किंवा ओळींमधले अंतर बदलले की तोच मजकूर 300 पानांचा 380 पानी होतो. म्हणून 250 शब्दांचे एक पान धरतो. शब्द मोजताना वर्डच्या खिडकीत Include textboxes, footnotes and endnotes या चौकटीत खूण असू द्या. आपल्या उदाहरणात खुणेशिवाय 64,000 शब्द दिसतात, तळटिपा धरल्या की 70,000. म्हणजे 280 पाने. पानाला 50 रुपये, एकूण 14,000. संदर्भसूचीतल्या 240 नोंदींचे प्रत्येकी 6 रुपयांप्रमाणे 1,440. दरपत्रकातली शेवटची रक्कम 15,440 रुपये.

हा 50 रुपयांचा दर नमुना पाहूनच ठरतो. नमुन्यासाठी मधल्या प्रकरणातली दहा पाने पाठवा, पहिले प्रकरण नको. ते मार्गदर्शकांच्या हाताखालून अनेकदा गेलेले असते, त्यामुळे बाकीच्या प्रबंधाचा अंदाज त्यावरून येत नाही. नमुन्यात पानाला सरासरी पंधराहून जास्त दुरुस्त्या निघाल्या तर दर 65 रुपये होतो, आणि ते काम सुरू होण्याआधीच कळवतो.

मुदतीचा हिशेब असा: दिवसाला 20 पाने धरून पहिल्या वाचनाला 14 दिवस आणि संदर्भसूचीला 2 दिवस. मग फाइल तुमच्याकडे येते. ट्रॅक चेंजेसमधली प्रत्येक दुरुस्ती तुम्ही स्वीकारायची किंवा नाकारायची. ती परत आली की दुसऱ्या वाचनाला 4 दिवस. एकूण कामाचे 20 दिवस. फाइल तुमच्याकडे असते ते दिवस, रविवार आणि चवथीचे पाच दिवस यात धरलेले नाहीत. याहून वेगाने वाचता येते, पण डोळा शब्दाचा आकार पाहून पुढे सरकतो आणि ऱ्हस्व-दीर्घ निसटते.

शुद्धलेखन, विरामचिन्हे, वाक्यातील लिंग-वचनाचा मेळ, तळटिपांचे क्रमांक आणि मजकुरात आलेला प्रत्येक संदर्भ सूचीत आहे की नाही, एवढे या रकमेत येते. त्याशिवाय एक शब्दसूची मिळते. पोर्तुगीज नावे एका प्रकरणात एका तऱ्हेने आणि दुसऱ्यात दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेली असतात. त्यातले कोणते रूप ठेवायचे ते तुम्ही ठरवता, आम्ही ते शेवटपर्यंत सांभाळतो.

अवतरणांतल्या मजकुराला मात्र आम्ही हात लावत नाही. जुन्या अंकात «नांव», «कांहीं» असे छापलेले असेल तर ते तसेच राहायला हवे, कारण तो पुरावा आहे. कोकणी उताऱ्यातले «आनी» हीही चूक नव्हे. कोकणीत ते तसेच लिहितात. म्हणून कोकणी उतारे वेगळ्या रंगात दाखवून ठेवा. आणि कृपा करून पाठवण्याआधी सरसकट शोधा-बदला चालवू नका. «कि»च्या जागी «की» घालायला गेले की «किंवा»चे «कींवा» होते, आणि «नांव» बदलताना अवतरणेही बदलतात. मग प्रत्येक उतारा मूळ अंकाशी ताडून पाहावा लागतो आणि ते काम तुमच्यावरच येते.

श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली फाइल युनिकोडमध्ये आणून पाठवा, सोबत मूळ फाइलची पीडीएफ जोडा. रूपांतरात «ऱ्या»चे «र्या» होऊ शकते. «दऱ्या»चा «दर्या» झाला, «आचाऱ्यांना»चे «आचार्यांना» झाले, तर संगणकाचा शब्दतपासनीस गप्प राहतो, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. (स्वयंपाक्याला विद्वान केल्याबद्दल स्वयंपाकी तक्रार करणार नाही, परीक्षक करतील.) पीडीएफ शेजारी असली की अशा जागा सापडतात.

पुनर्लेखन, युक्तिवादाची तपासणी, भाषांतर आणि वाङ्मयचौर्याचा अहवाल या रकमेत येत नाही. वाक्याचा अर्थच लागत नसेल तर समासात प्रश्न लिहितो. वाक्य तुम्हीच दुरुस्त करायचे.

मार्गदर्शकांची अंतिम संमती झाल्यावरच फाइल द्या. पहिल्या वाचनानंतर नवा परिच्छेद घातला की त्यात नव्या चुका येतात आणि पुढच्या तळटिपांचे क्रमांक सरकतात. अशी भर 2,000 शब्दांपर्यंत दुसऱ्या वाचनात त्याच पैशांत तपासतो. त्यापुढे पानाचा दर लागतो.

निम्मी रक्कम, इथे 7,720 रुपये, सुरुवातीला आणि उरलेली दुसऱ्या वाचनाची फाइल मिळाल्यावर. दरपत्रक 30 दिवस लागू राहते. प्रबंध सादर करण्याची तारीख पहिल्याच ईमेलमध्ये लिहा आणि छपाई व बांधणीसाठी निदान आठवडा सोडा.