पादत्राणाची रुंदी : नॅरो, स्टँडर्ड व वाइड खुणा

पादत्राणाच्या लांबीचा नंबर तोच ठेवून चवड्याच्या भागातील जागा कमी-जास्त केली, की एकाच नंबरचे अरुंद (नॅरो), सर्वसाधारण (स्टँडर्ड) व रुंद (वाइड) असे प्रकार होतात. बुटाच्या जिभेवर, आतल्या तळावर किंवा खोक्यावर त्यांची खूण शब्दांत अथवा अक्षरांत छापलेली असते. खुणेच्या नावात रुंदी असली, तरी पायताणाचे कारागीर व कारखानदार मुख्यतः मोजतात तो चवड्याचा घेर, म्हणजे अंगठ्याच्या व करंगळीच्या मुळाशी असलेल्या सांध्यांवरून टेप फिरवून येणारे माप. सपाट रुंद पाय आणि उंच, भरीव पाय यांचा घेर सारखा येऊ शकतो. म्हणून केवळ तळव्याची आडवी रुंदी पाहून घेतलेला जोड काही वेळा वरच्या बाजूने आवळतो.

अक्षरांचा अर्थ देशागणिक बदलतो. अमेरिकी पद्धतीत पुरुषांसाठी ‘डी’ आणि स्त्रियांसाठी ‘बी’ ही सर्वसाधारण रुंदी मानतात. त्यामुळे ‘डी’ हीच खूण स्त्रियांच्या बुटावर रुंद आणि पुरुषांच्या बुटावर मध्यम ठरते. ‘डी’च्या पुढे ‘ई’, ‘२ई’, ‘४ई’ अशी रुंदी वाढत जाते, तर ‘ए’च्या अलीकडे ‘२ए’, ‘३ए’ अशी ती घटते. ब्रिटिश कारखान्यांची अक्षरे याच क्रमाने चालतात, पण त्यांचा मध्य वेगळ्या अक्षरावर असतो. जपानी प्रमाणकात दोन लगतच्या खुणांमध्ये घेराचे अंतर ६ मिमी असते आणि खूण पायाच्या लांबीशी जोडून वाचावी लागते. लांबी व रुंदी दोन्ही मिलिमीटरमध्ये देणारी मॉन्डोपॉइंट ही आंतरराष्ट्रीय पद्धत सर्वांत नि:संदिग्ध असली, तरी ती मुख्यतः लष्करी बूट व बर्फावरील खेळांचे बूट यांपुरतीच रूढ झाली आहे.

अक्षरखुणांचा उगम वादाचा आहे. इंग्रजी नंबरांमागील एक तृतीयांश इंचाचे, म्हणजे सुमारे ८.५ मिमीचे परिमाण जवाच्या दाण्याच्या लांबीवरून आले, यावर साधारण एकमत दिसते. मात्र दुसऱ्या एडवर्डने १३२४ मध्ये बुटांचे नंबर ठरवून दिले, ही वारंवार सांगितली जाणारी कथा जपून घ्यावी लागते. त्या काळाशी जोडला जाणारा नियम इंचाच्या व्याख्येचा आहे आणि त्यात पादत्राणांचा संबंध नंतर जोडला गेला असावा. इंग्रज लेखक रॅन्डल होम याने १६८८ मध्ये चर्मकारांच्या मापांचे जे वर्णन केले आहे, ते अधिक भरवशाचे आहे. तेथेही विषय लांबीचाच आहे. रुंदीची श्रेणी अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थिरावली असे दिसते. त्यापूर्वी तेथे सडपातळ व भरीव अशा दोनच रुंदीचे जोड मिळत आणि भरीव जोडासाठी त्याच फर्म्यावर, म्हणजे बूट ज्यावर घडवतात त्या पायाच्या आकाराच्या साच्यावर, चामड्याची गादी चढवून घेर वाढवीत. न्यूयॉर्कच्या एडविन सिम्पसन याने १८८० च्या सुमारास अर्धे नंबर व रुंदीची अक्षरे यांचा तक्ता मांडला आणि त्या दशकाच्या अखेरीस व्यापाऱ्यांच्या संघटनेने तो स्वीकारला, असे बहुतेक संदर्भग्रंथ मानतात. काही कारखाने त्याआधीपासूनच अनेक रुंदीचे फर्मे वापरत होते, असाही पक्ष आहे. दोन्ही पक्ष एकत्र वाचता सिम्पसनकडे शोधापेक्षा प्रमाणीकरणाचे श्रेय देणे अधिक योग्य वाटते. पुढे सिराक्यूझच्या चार्ल्स ब्रॅनॉक याने लांबी, टाच ते चवडा हे अंतर आणि रुंदी एकाच वेळी दाखवणारे धातूचे मापयंत्र तयार केले. त्याला १९२८ मध्ये पेटंट मिळाले.

सिम्पसनच्या तक्त्यामागचे गणित समजल्याशिवाय लांबी बरोबर असून रुंदी चुकते म्हणजे काय, हे उलगडत नाही. पारंपरिक अँग्लो-अमेरिकी पद्धतीत एक पूर्ण नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंचाने आणि चवड्याचा घेर पाव इंचाने, म्हणजे सुमारे ६.३ मिमीने वाढतो. नंबर तोच ठेवून रुंदीचे एक अक्षर वाढवले, तरीही घेर पाव इंचानेच वाढतो. म्हणजे एक नंबर मोठा घेतल्याने घेरात जेवढी जागा मिळते, तेवढीच एक अक्षर रुंद घेतल्यानेही मिळते. एकाच रुंदीचा माल ठेवणाऱ्या दुकानात ‘एक नंबर मोठा घाला’ हा सल्ला दिला जातो, त्यामागचे कारण हेच आहे. तो सल्ला घेराचा प्रश्न सोडवतो आणि लांबीचा नवा प्रश्न उभा करतो.

समजा, कोल्हापुरातील एका गिऱ्हाइकाचा पाय २५६ मिमी लांब आहे. इंग्रजी सात नंबरच्या फर्म्याची लांबी सुमारे २७१ मिमी असते, तेव्हा बोटांपुढची मोकळी जागा धरून सात नंबर त्याच्या लांबीला योग्य ठरतो. परंतु त्याच्या चवड्याचा घेर सर्वसाधारण रुंदीत सामावणाऱ्या पायापेक्षा १३ मिमी अधिक आहे. हे अंतर दोन अक्षरांचे आहे. सात नंबरचा रुंद जोड उपलब्ध नसल्याने तो नऊ नंबर घेतो. घेर त्याला पुरतो, कारण दोन नंबरांनी सुमारे १२.७ मिमीची वाढ मिळते. पण बूटही १७ मिमी लांब होतो आणि चवडा टाचेपासून साधारण ७२ टक्के अंतरावर येत असल्याने बुटाचा सर्वांत रुंद भाग सुमारे १२ मिमी पुढे सरकतो. पाय चवड्याच्या सांध्यात वाकतो, तळ मात्र त्याच्या पुढे वाकायला बघतो. काही दिवसांत वरच्या चामड्याची घडी चवड्याऐवजी बोटांवर पडते, टाच प्रत्येक पावलाला उचलली जाते आणि बोटांपुढचा रिकामा भाग पायरीला अडखळतो. टाचेचा भागही नंबराबरोबर मोठा झाल्यामुळे लेस कितीही आवळली तरी टाच बसत नाही.

ओळखण्यातील मुख्य अडचण अशी, की रुंदीची चूक बहुधा लांबीची तक्रार बनून येते. अरुंद बुटात रुंद पाय पूर्ण पुढे जाऊ शकत नाही. चवडा त्याच्या ठरलेल्या जागेच्या मागेच अडतो, टाच मागच्या भिंतीवर दाबली जाते आणि बूट आखूड वाटतो. उलट, रुंद बुटात अरुंद पाय चालताना पुढे घसरतो, बोटे समोर आदळतात आणि तोही बूट आखूडच वाटतो. पहिल्या स्थितीत रुंदी वाढवावी लागते, दुसऱ्या स्थितीत ती कमी करावी लागते. नंबर मोठा घेणे दोन्हींत चुकीचे ठरते.

म्हणून तपासणीचा क्रम चवड्यापासून सुरू करणे बरे. बूट घालून, दोन्ही पायांवर समान भार देऊन उभे राहावे, कारण भाराखाली पाय पसरतो आणि बसून केलेली परीक्षा फसवते. अंगठ्याच्या मुळाचा सांधा वरून चाचपून तो बुटाच्या सर्वांत रुंद जागी येतो का, हे पाहावे. तो तेथे येत असेल आणि सर्वांत लांब बोटापुढे (ते अंगठ्याऐवजी दुसरे बोटही असू शकते) सुमारे १० ते १२ मिमी जागा उरत असेल, तर लांबी योग्य आहे. त्यानंतर उरणारी तक्रार रुंदीची समजावी. अरुंद बुटाचे वरचे चामडे तळाच्या कडेबाहेर फुगते, लेसच्या भोकांच्या दोन पट्ट्या वर एकमेकींपासून बऱ्याच फाकलेल्या राहतात, आणि बूट काढल्यावर करंगळीच्या सांध्यावर लाल वळ दिसतो. पुढे तेथेच कुरूप होते किंवा बोटांना मुंग्या येतात. रुंद बुटात या पट्ट्या एकमेकींना भिडतात तरी पाय सैल राहतो आणि चवड्यावर चामड्याच्या जाड सुरकुत्या पडतात. आतला सुटा तळ काढून त्यावर उभे राहणे ही आणखी एक सोपी परीक्षा आहे. बोटे त्याच्या कडेबाहेर लोंबत असतील, तर रुंदी कमी आहे. ही परीक्षा घेराबद्दल मात्र काही सांगत नाही. काही कारखाने एकाच तळावर वरचा भाग मोठा करून ‘वाइड’ बूट बनवतात. तळाची कडा त्यात बदलत नाही.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्या व्यक्तीने ‘लागत नाही’ या अनुभवावर विसंबू नये. तिला वळ, फोड व कातडीचा बदललेला रंग पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

भारतीय पायांना हा प्रश्न अधिक भेडसावतो, असे मानण्यास आधार आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण भारतातील नेहमी अनवाणी चालणाऱ्यांचे चवडे पादत्राणे वापरणाऱ्यांपेक्षा रुंद आढळले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीय पाय युरोपीय व अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचा तिचा निष्कर्ष आहे आणि ‘भा’ नावाच्या स्वतंत्र मापपद्धतीची शिफारस त्यातूनच पुढे आली.

कोल्हापुरी चपलेत रुंदीच्या खुणा रूढ नाहीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून २०१९ मध्ये दिलेले भौगोलिक मानांकन प्रदेश व घडण यांच्याशी निगडित आहे. त्यात अक्षरी रुंदी नाही. येथे रुंदी दोन जागी ठरते : तळाच्या आकारात आणि तळाच्या दोन्ही बाजूंना बसवलेले कान व त्यांना जोडणारा पट्टा यांतून पायाला मिळणाऱ्या जागेत. चपलेचा पुढचा भाग उघडा असल्याने लांबीची चूक सहज दिसते, रुंदीची मात्र दुर्लक्षिली जाते. टाच मागच्या कडेच्या आत आणि अंगठा पुढच्या कडेच्या आत असूनही करंगळी तळाबाहेर जात असेल, तर लांबी बरोबर आणि तळ अरुंद आहे. येथे एक नंबर वाढवला की टाचेमागे तळ उरतो आणि तो जमिनीवर आपटत राहतो. पट्टा सैल असेल तर पाय पुढे घसरतो, चपलेच्या अंगठ्याचे, म्हणजे पायाचा अंगठा अडकवण्याच्या कडीचे, चामडे पहिल्या व दुसऱ्या बोटाच्या बेचक्यात रुतते आणि चप्पल चावते अशी तक्रार येते. ही चूकही बहुधा लांबीवर ढकलली जाते. पट्ट्याचे चामडे वापराने ताणले जात असल्यामुळे नवी चप्पल वर थोडी घट्ट असणे चालते. थरांचा शिवलेला तळ मात्र पसरत नाही, त्यामुळे करंगळी बाहेर जाणारी चप्पल वापरून सुधारेल अशी अपेक्षा व्यर्थ आहे. कोल्हापूरच्या चप्पल लाइन या बाजारपेठेतील तयार मालात असा तळ मिळाला नाही, तर कागदावर उभे राहून, पेन्सिल सरळ धरून दोन्ही पायांचे रेखाटन करावे आणि चवड्याचा घेर मोजून ती मापे कारागिराला द्यावीत. दोन्ही पाय सहसा सारखे नसतात, म्हणून मोठ्या पायाच्या मापाने तळ कापून घ्यावा आणि लहान पायाच्या चपलेचा पट्टा तेवढा आखूड बसवावा.