साखळीतून आलेला गुंठा

मोबाइल हातात धरून शेताच्या कोपऱ्यांवरून फिरलं की क्षेत्रफळ मिळतं, पण ते बहुतेक वेळा चौरस मीटरमध्ये किंवा दशांश एकरात. आपल्याला हवा असतो गुंठा, आणि गुंठा आला साखळीतून.

१६२० च्या सुमारास इंग्लंडमध्ये एडमंड गुंटरने ६६ फुटी साखळी रूढ केली. अशा १० चौरस साखळ्यांचा एक एकर. मुंबई इलाख्याच्या मोजणीत तिच्या निम्मी, ३३ फुटी साखळी वापरली गेली आणि तिचे १६ आणे पाडले. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच गुंठा. एकरात ४० गुंठे बसतात ते यामुळेच. पुढे सातबारावर हेक्टर-आर आलं. आर म्हणजे १०० चौ.मी., गुंठा १०१.१७ चौ.मी. दोन्ही इतके जवळ की गावात ‘१२ आर’ला सर्रास ‘१२ गुंठे’ म्हणतात. खरे भरतात ११.८६.

खरी गफलत एकराच्या दशांशात होते. जुन्या कागदावरचं १-२० म्हणजे १ एकर २० गुंठे. मोबाइलवरचं १.२० म्हणजे १ एकर ८ गुंठे, कारण ०.२० ला ४० ने गुणायचं. यावरून भावाभावांत अबोला धरलेला मी पाहिलाय. म्हणून ॲपमध्ये चौरस मीटर ठेवावं आणि १०१.१७ ने भागावं.

उपग्रहांच्या नागरी संकेतात अमेरिका मुद्दाम मिसळत असलेली चूक मे २००० मध्ये बंद झाली, तेव्हा कुठे ही पायी मोजणी कामाची ठरली. तरी मोकळ्या आभाळाखालीही मोबाइल तीन-पाच मीटर इकडेतिकडे होतो, माडांखाली त्याहून जास्त. घाटावरच्या चार एकरांच्या तुकड्यात ते खपून जातं. आपल्याकडचा उतारावरचा कुणगा मात्र लांबट आणि अरुंद. समजा तो ६० मीटर लांब, ८ मीटर रुंद आहे: ४८० चौ.मी., म्हणजे ४.७४ गुंठे. रुंदी दोनच मीटर जास्त धरली गेली तर ५.९३. सव्वा गुंठा नुसता हवेतून आला!

साखळीवाले ही अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवत. शेताच्या मधून एक सरळ रेषा टाकायची आणि तिच्यापासून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत काटकोनात अंतर मोजायचं. कुणग्यासाठी आजही तेच बरं: लांबी मोबाइलने घेतली तरी रुंदी टेपने, तीन-चार ठिकाणी, टेप आडवा ताणून. रुंद तुकडा चालून मोजायचा असेल तर नुसते कोपरे पुरत नाहीत. गडगा जिथे वळतो तिथेही खूण करावी लागते. एक फेरी उजवीकडून, एक डावीकडून मारावी. दोन आकड्यांत गुंठ्याचा फरक पडला तर दोन्ही सोडून टेप काढावा.

हद्दीचा वाद असेल तर यातलं काहीच चालत नाही. तिथे भूमी अभिलेखची मोजणी लागते.