बॅटरी बदलल्यावर पॉवर विंडोचे रीसेट आणि मोटरच्या बिघाडाची ओळख

गाडीची बॅटरी काढली किंवा नवी बसवली की पॉवर विंडोचे ऑटो-अप बरेचदा बंद पडते. बटण एकदा वर ओढून सोडले की काच आपोआप वरपर्यंत जाण्याची जी सोय असते, ती जाते. बटण धरून ठेवले तर मात्र काच वर चढते. हा सहसा बिघाड नसतो. काचेची जागा यंत्रणेला पुन्हा शिकवून द्यायची एवढेच काम उरलेले असते, आणि त्याला रीसेट म्हणतात. सोलापुरात उन्हाळ्याच्या तोंडावर बॅटऱ्या धडाधड बंद पडतात, त्यामुळे 'बॅटरी बदलली आणि काचेची मोटर गेली' ही तक्रार गॅरेजमध्ये मार्च ते मे दरम्यान हमखास ऐकू येते. तिच्यातली खरी मोटरची तक्रार ओळखणे हा या नोंदीचा मुख्य विषय आहे.

ऑटो-अप असलेल्या मोटरच्या आसावर एक चुंबकी कडे असते आणि त्याशेजारी हॉल सेन्सर बसवलेले असतात. आस फिरला की सेन्सर स्पंद देतात. स्पंद मोजून काच किती वर आली ते कळते आणि स्पंदांमधले अंतर वाढले की वेग कमी झाल्याचे कळते. काच वरच्या टोकाशी नसतानाही वेग अचानक पडला, तर मधे हात किंवा मान अडकली असे समजून यंत्रणा काच खाली घेते. युरोपीय आणि अमेरिकी सुरक्षा नियमांत अडकलेल्या वस्तूवर पडणाऱ्या बलाची मर्यादा 100 न्यूटन आहे. एवढे बारीक काम स्पंदमोजणीवर चालते, म्हणून वरचे टोक नेमके कुठे आहे हे मोटरला पक्के ठाऊक असावे लागते. बऱ्याच गाड्यांत वीज तुटली की ही आठवण पुसली जाते. टोक माहीत नसताना काच आपोआप वर नेणे धोक्याचे, म्हणून यंत्रणा ऑटो-अप स्वतःच बंद ठेवते. काही गाड्यांत ही नोंद कायमस्वरूपी स्मृतीत राहते आणि बॅटरी काढल्याचा काहीच परिणाम दिसत नाही.

आधी एक खात्री करावी. आपल्याकडच्या कित्येक छोट्या गाड्यांत ऑटो फक्त चालकाच्या काचेला आणि तेही खाली जाण्यापुरतेच असते. तिथे शिकवण्यासारखे काही नसते. नसलेले ऑटो-अप परत मिळवण्यासाठी गॅरेजच्या फेऱ्या मारणारेही भेटतात.

रीसेटची पद्धत गाडीप्रमाणे बदलते, पण गाभा सारखाच असतो. इंजिन चालू ठेवावे. चालू इंजिनावर व्होल्टेज साधारण 14 व्होल्टच्या आसपास राहते आणि मोटर पूर्ण जोराने चालते. काच अर्धी किंवा पूर्ण खाली घ्यावी, बटण वर ओढून काच बंद होईपर्यंत धरावे आणि बंद झाल्यावरही एक-दोन सेकंद सोडू नये. काही गाड्यांत आधी खालच्या टोकालाही बटण तसेच दाबून धरावे लागते. कुठे किती धरायचे ते गाडीच्या पुस्तिकेत बघावे. प्रत्येक काच वेगळी शिकवावी लागते आणि अनेक गाड्यांत ती त्या-त्या दाराच्या बटणावरून शिकवावी लागते, चालकाच्या बटणावरून नाही. या वेळात अडकण्यापासूनचे संरक्षण काम करत असेलच असे नाही, म्हणून मुलांना गाडीबाहेर ठेवावे.

टोयोटाच्या काही गाड्यांत चालकाच्या बटणावरचा AUTO दिवा रीसेट बाकी असताना लुकलुकतो आणि काम झाले की स्थिर होतो. दिवा लुकलुकला म्हणजे मोटर जळली, हा समज इथूनच निघतो. त्याच कंपनीच्या बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर B2313 हा दोषाचा कोड आला तर काचेची जागा शिकवणे अपुरे आहे आणि B2311 आला तर चालकाच्या बाजूच्या मोटरमध्ये बिघाड आहे. बॅटरी बदलल्यावर नुसता B2313 दिसणे स्वाभाविक आहे. तो पाहून मोटरचा खर्च सांगणाऱ्याकडून गाडी परत घ्यावी.

सोलापूरची ठेवणीतली अडचण वेगळी आहे. चाळीसच्या वरचे ऊन आणि बारीक धूळ यांमुळे काचेच्या दोन्ही बाजूंचा रबरी चॅनल कडक होतो आणि त्यात धुळीचा थर बसतो. एक नेहमीचा प्रकार पाहू. मे महिन्यात सात रस्त्याकडे दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या, चारही काचांना ऑटो-अप असलेल्या गाडीत नवी बॅटरी बसली. तीन काचा रीसेटने सुरळीत झाल्या. मागची डावी काच मात्र ऑटोवर तीन-चतुर्थांश वर जाते आणि पुन्हा खाली येते. बटण धरून वर नेली तर इतर काचांना चार-पाच सेकंद लागतात, हिला सात, आणि ती दरवेळी त्याच जागी मंदावते. एकाच जागी मंदावणे ही खूण चॅनलकडे बोट दाखवते, कारण दुबळी मोटर सगळीकडेच हळू चालते. बॅटरी बदलण्याआधीही हे घर्षण होतेच, पण ते हळूहळू वाढत असल्याने जुनी मोजणी त्याला सांभाळून घेत होती. रीसेटने ती सवय पुसली. ओल्या कपड्याने चॅनलमधली धूळ काढून, रबर सुकल्यावर सिलिकॉन स्प्रे मारला आणि पुन्हा रीसेट केले की अशी काच बहुतेकदा सुधारते. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये, त्यात धूळ आणखी चिकटते.

या खटाटोपात काच सारखी वर-खाली करू नये. मोटरला तापण्यापासून वाचवणारी सोय असते, आणि उन्हात तापलेल्या दारात लागोपाठ फेऱ्या झाल्या की ती मोटर बंद करते. काच मधेच थांबली, बटण मेल्यासारखे झाले, तर दहा-पंधरा मिनिटे सावलीत थांबावे. मग चालली तर ते नुसते तापणे होते.

खऱ्या बिघाडाचे वागणे वेगळे असते. तो एकाच दाराला चिकटलेला असतो. रिलेचा 'टक' आवाज येतो पण काच हलत नाही, किंवा दारावर मूठ आपटली की चालते, तेव्हा मोटरचे कार्बन ब्रश झिजल्याचा संशय घ्यावा. मोटर फिरल्याचा आवाज येतो आणि काच जागची हलत नाही, तेव्हा दोष काच वर-खाली नेणाऱ्या रेग्युलेटरच्या केबलचा किंवा गिअरचा असतो. पक्का निवाडा हवा असेल तर दाराचे आतले कव्हर काढून काच रेग्युलेटरपासून सोडवावी आणि मोटर रिकामी चालवावी. रिकामीही रेंगाळली तर कनेक्टरवर चालू स्थितीतले व्होल्टेज मोजावे. ते बॅटरीइतके असेल तरच मोटर बदलावी. व्होल्टेज दोन-तीन व्होल्टनी पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये किंवा स्विचमध्ये आहे.

सगळ्यात फसवा प्रकार सेन्सरचा. काच नेहमीच्या वेगाने चालते, रीसेट होते, चार फेऱ्यांनी ऑटो-अप पुन्हा जाते आणि दिवा परत लुकलुकू लागतो. मोटर ठणठणीत असते, पण स्पंद मधूनच हरवतात. अशा वेळी मोटर मागवण्याआधी दार आणि खांबाच्या मधला रबरी भाता सरकवून आतल्या बारीक तारा एकेक वाकवून पाहाव्यात. दार रोज उघडून-मिटून त्या तिथेच तुटतात, आणि बाहेरचे आवरण मात्र शाबूत दिसते.