कंपनीच्या उत्कृष्टता पुरस्कारासाठी सहकाऱ्याचं नामांकन: पात्रता, कागदपत्रं आणि परिणामाचा रकाना कसा भरायचा

उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांत वर्षातून एकदा अंतर्गत पुरस्काराचं परिपत्रक सूचना फलकावर लागतं. नियम प्रत्येक ठिकाणी थोडे वेगळे असतात, पण फॉर्मचा सांगाडा बहुतेक सारखाच असतो: नामांकित व्यक्तीची माहिती, नामांकन करणाऱ्याची माहिती, विभागप्रमुखाची शिफारस आणि मधोमध एक मोठा रकाना, ज्यात ‘केलेलं काम आणि त्याचा मोजता येणारा परिणाम’ दोन-तीनशे शब्दांत लिहायचा असतो. अर्ज टिकतो किंवा पडतो तो याच रकान्यात. ‘अत्यंत मेहनती, वक्तशीर, सर्वांशी मिळून मिसळून वागणारे’ असं लिहिलेला अर्ज छाननी समिती बाजूला ठेवते, कारण त्यात पडताळून पाहण्याजोगं काहीच नसतं. ज्याचं काम खरोखर मोठं आहे, त्याचं नाव अशा अर्जामुळे मागे पडतं याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून बाकीचे रकाने थोडक्यात सांगून या एका रकान्यावर इथे जास्त लिहितो. उदाहरण फाउंड्रीचं घेतो, कारण बेळगावात ते बहुतेकांना जवळचं आहे.

आधी पात्रता

साधारणपणे कायम कर्मचारी, प्रोबेशन संपलेला, ज्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई चालू नाही आणि ज्याला हाच पुरस्कार नुकताच मिळालेला नाही, असा सहकारी पात्र धरतात. बऱ्याच ठिकाणी स्वतःचं नामांकन चालत नाही आणि जवळच्या नातेवाइकाचं करायचं असेल तर नातं लिहून द्यावं लागतं. इथे खानापूर-चंदगडकडच्या एकाच गावातले, एकाच भावकीतले लोक एका शिफ्टला असणं नेहमीचं आहे. नातं लपवू नका. ते उघड लिहिलं तर अर्ज सहसा बाद होत नाही, मागाहून कळलं तर मात्र नक्की होतो.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न वेगळा आहे. मोल्डिंग, नॉकआउट, फेटलिंग या विभागांत कंत्राटी माणसं मोठ्या संख्येनं असतात आणि अनेक परिपत्रकांत त्यांचा उल्लेखच नसतो. उल्लेख नाही म्हणजे ते अपात्र, असं गृहीत धरू नका. मुदत संपायच्या आत एचआरला दोन ओळींचा अर्ज देऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

कोणती गोष्ट निवडायची

वर्षभरातली दहा कामं लिहू नका. एकच लिहा, आणि ते असं असावं की आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि मधे त्या माणसानं नेमकं काय केलं, हे तिन्ही कागदावर दाखवता येईल. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, घटना मात्र कुठल्याही ग्रीन सँड फाउंड्रीत घडू शकेल अशी आहे.

सँड प्लांटवर एक ऑपरेटर आहे. दर महिन्याला सुमारे 4,000 नग निघणाऱ्या, प्रत्येकी 6 किलोच्या एका कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे धातूत राहिलेल्या पोकळ्या, फार येत होते. त्यानं लॉगबुक चाळून पाहिलं, तेव्हा हे नग बहुतेक करून शिफ्टच्या उत्तरार्धात ओतलेले निघाले. कारण शोधताना त्याच्या लक्षात आलं की शिफ्ट पुढे सरकते तशी नॉकआउटवरून, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढतात तिथून, परत येणारी वाळू गरमच राहते. गरम वाळूतलं पाणी उडून जातं, वाळू कोरडी वाटते म्हणून मिक्सरवरचा माणूस अंदाजानं पाणी वाढवतो, आणि मग एखादा बॅच जास्त ओला होतो. ओल्या साच्यात तापलेलं लोखंड पडलं की पाण्याची वाफ होते आणि ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर धातूत अडकून पोकळी करते. त्यानं पाणी अंदाजानं टाकणं बंद केलं. दर अर्ध्या तासाला कॉम्पॅक्टेबिलिटी, म्हणजे दाबल्यावर वाळू किती टक्के खाली बसते ते, तपासून आकडा फलकावर लिहायचा, तो 38 ते 42 टक्क्यांच्या बाहेर गेला तर मोल्डिंगला वाळू सोडायची नाही, अशी पद्धत बसवली. परत आलेली वाळू थंड व्हायला थोडा जास्त वेळ मिळावा म्हणून हॉपर भरण्याचा क्रमही बदलला. हे 1 ऑक्टोबरपासून सुरू झालं.

आधीचा आकडा कुठला धरायचा

सगळ्यात जास्त अर्ज इथे घसरतात. समजा जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत त्या नगाचं एकूण रिजेक्शन 9 टक्के होतं आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ते 3.6 टक्के झालं. ‘9 वरून 3.6’ लिहायचा मोह होणारच. पण बेळगावच्या पावसाळ्यात हवा दमट असते, नवी वाळू ओली येते आणि रिजेक्शन तसंही चढतं. पाऊस थांबल्यावर ते काही न करताही थोडं उतरलं असतं. समितीत क्वालिटीचा माणूस असेल तर पहिला प्रश्न हाच विचारेल.

म्हणून तुलना मागच्या वर्षीच्या ऑक्टोबर ते डिसेंबरशी करा. तेव्हा रिजेक्शन 6.4 टक्के होतं असं धरू. आता फरक 5.4 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आला. लहान झाला, पण आता तो कुणाला खोडता येणार नाही.

पुढची पायरी म्हणजे दोषानुसार फोड. मागच्या वर्षीच्या 6.4 टक्क्यांत ब्लो होलचे 3.9 आणि बाकी सगळे दोष मिळून 2.5 टक्के होते. यंदाच्या 3.6 मध्ये ब्लो होल 1.2 आणि बाकी 2.4. बाकीचे दोष जिथे होते तिथेच आहेत, उतरले ते फक्त ब्लो होल. नवीन फर्नेस आली, मोल्डिंगला नवा माणूस आला, अशा दुसऱ्या कारणानं सुधारणा झाली असती तर बाकीचे दोषही हलले असते. वाळूच्या कामामुळेच फरक पडला, हे दाखवणारा यापेक्षा चांगला पुरावा शॉप फ्लोअरवर सहसा मिळत नाही. तिमाहीच्या 12,000 नगांवर 3.9 टक्के म्हणजे 468 नग, 1.2 टक्के म्हणजे 144. वाचले 324 नग. अर्जात हाच आकडा लिहा.

एक खबरदारी. ब्लो होल पुष्कळदा वरून दिसत नाहीत, मशीन शॉपमध्ये वरचा थर निघाल्यावर उघडे पडतात. डिसेंबरात ओतलेला नग जानेवारीत मशीनवर चढला तर त्याचं रिजेक्शन जानेवारीच्या खात्यात जातं. म्हणून नग सापडला कधी यावर न जाता तो ओतला कधी यावर, म्हणजे हीट नंबरवरून मोजणी करून घ्या. त्यासाठी तिमाही संपल्यावर डिसेंबरचे नग मशीन होईपर्यंत थांबावं लागतं. मुदत आधी संपत असेल तर दोन महिन्यांचाच पक्का आकडा द्या आणि तसं स्पष्ट लिहा.

रुपयांत लिहायचं असेल तर

फॉर्ममध्ये बचतीचा रकाना असतो. 324 नगांना विक्रीच्या भावानं गुणू नका. रिजेक्ट झालेलं कास्टिंग भंगारात विकलं जात नाही, ते परत फर्नेसमध्ये जातं, म्हणजे धातू बराचसा हातातच राहतो. वाया जाते ती वितळवण्याची वीज, साच्याचं काम, मजुरी, आणि नग मशीन शॉपपर्यंत गेला असेल तर तिथला वेळ. इंडक्शन फर्नेसला एक टन लोखंड वितळवायला ढोबळमानानं 600 युनिट लागतात. 324 नगांचं वजन 1,944 किलो, म्हणजे नुसत्या कास्टिंगच्या वजनावर सुमारे साडेअकराशे युनिट. रनर-रायझरचा धातू यात धरलेला नाही, त्यामुळे खरी वीज याहून जास्तच वाचली असेल. युनिटचा दर आणि बाकीचा खर्च अकाउंट्सकडून घ्या आणि त्यांच्या माणसाची त्या कागदावर सही घ्या. अकाउंट्सनं न पाहिलेला लाखांतला आकडा अर्जाला मदत करत नाही, उलट बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही शंका आणतो.

रकान्यातला मजकूर

फॉर्म इंग्रजीत किंवा कन्नडात असला तरी आधी मराठीत सरळ लिहून घ्या, मग सेक्शनमधल्या जाणकाराकडून उतरवून घ्या आणि आकडे स्वतः पुन्हा तपासा. मजकूर साधारण असा होईल:

‘सँड प्लांटवर काम करताना यांनी पाहिलं की ब्लो होलचे नग शिफ्टच्या उत्तरार्धात जास्त येतात. परत येणारी वाळू गरम असल्यानं पाणी अंदाजानं वाढवलं जात होतं. 1 ऑक्टोबरपासून यांनी दर अर्ध्या तासाला कॉम्पॅक्टेबिलिटी तपासून मर्यादेबाहेरची वाळू रोखण्याची पद्धत सुरू केली व दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरलाही ती शिकवली. मागच्या वर्षीच्या याच तिमाहीत ब्लो होलचं रिजेक्शन 3.9 टक्के होतं, ते 1.2 टक्के झालं. 12,000 नगांत 324 नग वाचले. बाकीच्या दोषांत फरक पडलेला नाही. फलकाचं काम मेंटेनन्स विभागानं केलं.’

शेवटचं वाक्य गाळू नका. दुसऱ्यांचा वाटा लिहिल्यानं नामांकित माणसाचा वाटा नेमका कळतो, आणि मेंटेनन्सवाले समितीपुढे आक्षेप घ्यायचा प्रश्नच उरत नाही.

सोबत काय जोडायचं

दोन्ही तिमाहींचे दोषानुसार रिजेक्शन रिपोर्ट क्वालिटीच्या सहीसह, कॉम्पॅक्टेबिलिटीच्या नोंदींची एक-दोन पानं (पद्धत सुरू व्हायच्या आधीची आणि नंतरची), अकाउंट्सनं पाहिलेला बचतीचा हिशोब, दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरचं चार ओळींचं निवेदन आणि नामांकित व्यक्तीची लेखी संमती. एवढं पुरतं. सत्काराचे फोटो आणि जुनी प्रशस्तिपत्रं जोडू नका. रिपोर्टवर ग्राहकाचं नाव किंवा ड्रॉइंग नंबर असेल तर तो झाकून प्रत काढा, कारण अर्ज इतर विभागांच्या लोकांच्या हातात जातो आणि ग्राहकाशी केलेल्या गोपनीयतेच्या कराराला बाधा येऊ शकते.

संमती घेताना सहकाऱ्याला मजकूर वाचून दाखवा. कित्येकदा तो स्वतःच एखादा तपशील दुरुस्त करतो, आणि समिती प्रत्यक्ष बोलवते तेव्हा उत्तर त्यालाच द्यायचं असतं.

सादर केल्यावर

विभागप्रमुखाची शिफारस शेवटच्या दिवसावर ठेवू नका. ते टूरवर असले तर कुणाची सही चालेल हे एचआरला आधीच विचारून ठेवा. अर्ज दिल्यावर पोच घ्या. छाननीनंतर समितीतला एखादा सदस्य शॉप फ्लोअरवर येऊन फलक आणि लॉगबुक पाहतो, त्या दिवशी नोंदी चालू असाव्या लागतात. अर्जातली पद्धत जानेवारीतच बंद पडलेली दिसली तर 324 चा आकडा खरा असूनही अर्ज पुढे जात नाही. निवड झाली नाही तर समितीचा शेरा मागून घ्या. ‘कालावधी अपुरा’ असा शेरा असेल तर तीच गोष्ट पुढच्या वर्षी बारा महिन्यांच्या आकड्यांसह, त्यात पावसाळ्याचे महिनेही मागच्या पावसाळ्याशी ताडून, पुन्हा पाठवता येते. परिपत्रकात मनाई नसेल तर त्यासाठी वेगळ्या परवानगीची गरज पडत नाही.