वेरूळ-अजिंठा : शनिवार-रविवार पुरेल की आठवडा काढावा?

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. शुक्रवारी रात्री ठाण्याहून निघून सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं, तर तेवढ्यात वेरूळ आणि अजिंठा दोन्ही होतील का? गाडीच्या वेळा बघितल्या तर होतात. तरीही बहुतेकांना आम्ही दोन दिवसांत फक्त वेरूळ आणि देवगिरी करा असं सांगतो, आणि अजिंठ्यासाठी पुढे कधीतरी रजा काढायला सुचवतो. त्यामागचं कारण समजलं की आपला निर्णय आपल्यालाच घेता येईल.

वेरूळ हे मुख्यतः शिल्पांचं ठिकाण आहे. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत आणि कैलास तर उघड्यावरच आहे, डोंगर वरून खाली कोरत आणलेलं अख्खं मंदिर. दिवसाच्या उजेडात ते समोर उभं असतं. आपण दोन तास दिलेत तर दोन तासांचं दिसेल, पाच दिलेत तर पाचांचं, पण रिकाम्या हाताने कोणी परत येत नाही.

अजिंठ्याचं तसं नाही. तिथला खरा ठेवा म्हणजे चित्रं, आणि ती अंधारात आहेत. बाहेरच्या लख्ख उन्हातून पहिल्या लेण्यात शिरलात की सुरुवातीची काही मिनिटं भिंतीवर तपकिरी-काळपट डागांपलीकडे फारसं काही दिसत नाही. डोळे सरावले की हळूहळू पद्मपाणीचा झुकलेला चेहरा, हातातलं कमळ, मागची माणसं वर येऊ लागतात. नेमकं तेव्हाच ‘पुढे चला’ अशी हाक येते, कारण चित्रांच्या लेण्यांत गर्दीच्या वेळी एका वेळेला मोजकीच माणसं सोडतात. ते योग्यच आहे, माणसांच्या श्वासातल्या दमटपणाने चित्रांना इजा होते. पण रविवारी रांगेत उभं राहून आत गेलेल्या माणसाच्या वाट्याला जेमतेम डोळे सरावण्याइतकाच वेळ येतो. बुधवारी सकाळी तेच लेणं बरंच मोकळं असतं, आणि बाहेर येऊन पुन्हा आत जायलाही कोणाची आडकाठी नसते.

आता शनिवारी अजिंठा करायचाच म्हटलं तर दिवस कसा जातो ते मांडून पाहू. सकाळी सातच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरला उतरलात. आंघोळ, नाश्ता करून साडेआठला निघालात. फुलंब्री-सिल्लोडवरून अजिंठा सुमारे १०० किलोमीटर, म्हणजे अडीच तास धरा. फर्दापूर फाट्यावर आपली गाडी थांबते, तिथून पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचं. बसची रांग, तिकिटाची रांग, मग पायऱ्या. पहिल्या लेण्यात पाऊल पडेपर्यंत पावणेबारा होतात. जेवणाचा वेळ वजा करून साडेचारला निघायचं तर हातात चार तास, आणि लेणी तिसाच्या घरात. रात्रीच्या प्रवासाने शिणलेली मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर सतराव्या लेण्यापर्यंत पोहोचता पोहोचता कोणाचंच लक्ष भिंतीवर नसतं. आणि सर्वांत जास्त चित्रं नेमकी त्याच लेण्यात आहेत.

याला एक वाट आहे, ती तरुण मंडळींना आम्ही सुचवतो. शुक्रवारी रात्री संभाजीनगरऐवजी जळगावची गाडी पकडा. जळगावहून अजिंठा साधारण ६० किलोमीटर आहे, त्यामुळे लेणी उघडतानाच तिथे पोहोचता येतं. दुपारनंतर संभाजीनगरला मुक्काम, रविवारी वेरूळ आणि रात्री तिथूनच परतीची गाडी. यात देवगिरी सुटतो आणि धावपळ होतेच, पण अजिंठ्याची सकाळ हाती लागते.

दोनच दिवस असतील तर आमचा बेत असा असतो. शनिवारी उतरल्यावर ऊन तापायच्या आत देवगिरी. किल्ला वेरूळच्या वाटेवरच आहे. वर जाऊन यायला तीन तास लागतात, आणि अंधारी नावाच्या भुयारी मार्गासाठी विजेरी लागते. ज्यांना चढवत नाही त्यांनी चांदमिनारापाशी सावलीत थांबावं. जेवून दुपारी तीननंतर कैलास, कारण पश्चिमेचं ऊन तेव्हा आत येऊ लागतं. रविवारी सकाळी पाचवं, दहावं आणि बारावं बौद्ध लेणं, मग वाहनाने उत्तरेच्या टोकाला जैन लेण्यांकडे. बत्तिसाव्या लेण्याच्या वरच्या मजल्यावर छताची चित्रं आणि खांबांचं बारीक काम आहे. घाईत आलेले लोक कैलासवरूनच परत फिरतात आणि हे बघायचं राहून जातं, याची आम्हाला फार हळहळ वाटते. घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन संध्याकाळी शहरात परत.

आठवडा असेल तर बेत वारांवरून बांधावा लागतो. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. हे न पाहता आरक्षण केलं तर आठवड्यातलाही एक दिवस फुकट जातो. रविवारी पोहोचणाऱ्यांना आम्ही असं आखून देतो : पहिल्या दिवशी आराम, बिबी का मकबरा आणि पाणचक्की. सोमवारी वेरूळची पहिली फेरी. मंगळवारी सकाळी निघून फर्दापूरला मुक्काम आणि दुपारी अजिंठ्याला एक नुसती चक्कर, सगळी लेणी बाहेरून-आतून नजरेखाली घालायला. बुधवारी सकाळी दार उघडताच परत जायचं आणि फक्त पहिलं, दुसरं, सोळावं, सतरावं ही चित्रांची लेणी आणि सव्विसाव्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध पाहायचा. चित्रं दुसऱ्यांदा पाहताना कथा सापडते. पहिल्या लेण्यातला राज्य सोडून निघालेला महाजनक किंवा सतराव्यातला सर्वस्व दान करणारा विश्वंतर ओळखू येतो. गुरुवारी देवगिरी आणि वेरूळची राहिलेली लेणी.

शुक्रवारी लोणार किंवा पैठण, दोन्हीपैकी एकच. लोणार लांब आहे आणि सरोवराच्या काठापर्यंत उतरून पुन्हा चढायचं असतं, तेव्हा वयस्कर माणसं असतील तर पैठण बरं. एवढे दिवस नसतील तर शुक्रवार-शनिवार गाळून गुरुवारी रात्रीच परतीची गाडी घ्या, लेण्यांचं काहीही कमी होत नाही. सातही दिवस हवेतच असा आग्रह आम्ही धरणार नाही.

दोन गोष्टी मात्र सुट्टी कितीही असो, लक्षात ठेवा. एप्रिल-मेमध्ये अकरा ते चार उन्हात फिरणं लहान मुलांना आणि ज्येष्ठांना झेपत नाही. म्हणजे दोन दिवसांच्या सहलीत हाती येतात त्या फक्त दोन सकाळी, म्हणून त्या महिन्यांत शनिवार-रविवारची सहल आम्ही घेत नाही. आणि श्रावणातल्या सोमवारी घृष्णेश्वराला मोठी गर्दी असते, रस्ताही तुंबतो. त्या महिन्यात वेरूळची पहिली फेरी सोमवारऐवजी गुरुवारी ठेवावी. पाऊस झाला असेल तर एकोणतिसाव्या लेण्याजवळचा धबधबाही पाहायला मिळेल.

चौकशीला येताना प्रवासाची तारीख आणि वार, सोबतच्या सर्वांची वयं आणि कोणाला पायऱ्या चढायला त्रास होतो का, एवढं सांगा. अजिंठ्याला डोलीची सोय होते, पण गर्दीच्या दिवशी डोलीवाल्यांना लवकर गाठावं लागतं. त्यामुळे हे आधी कळलं तर आम्ही तुमची निघायची वेळ त्याप्रमाणे ठरवू.