हंगेरियन पद्धत: ही वजाबाकी आली कुठून?

प्रत्येकाला एकेक काम नेमून एकूण खर्च कमीत कमी किंवा नफा जास्तीत जास्त कसा करायचा, हे तक्त्यातल्या वजाबाकीने शोधण्याची रीत म्हणजे हंगेरियन पद्धत. बारावी वाणिज्यच्या गणितात आधी किमान खर्चाची उदाहरणं येतात, कमाल नफा मागून येतो. इतिहासात क्रम उलटा आहे.

१९५३च्या उन्हाळ्यात अमेरिकन गणिती हॅरॉल्ड कून हे डेनेश केनिग यांचं ग्राफ थिअरीवरचं जर्मन पुस्तक वाचत होते. त्यातल्या एका तळटीपेत येनो एगरवारी यांच्या १९३१च्या हंगेरियन लेखाचा उल्लेख होता. कून यांना हंगेरियन येत नव्हतं. त्यांनी शब्दकोश आणि व्याकरणाचं पुस्तक मिळवलं आणि जवळपास दोन आठवडे खपून लेखाचं भाषांतर केलं. १९५५मध्ये स्वतःची रीत प्रसिद्ध करताना त्यांनी तिला ‘हंगेरियन’ हे नाव दिलं. हा कृतज्ञपणा मला फार मोलाचा वाटतो. एगरवारी आणि कून, दोघांनीही प्रश्न मांडला होता तो बेरीज जास्तीत जास्त करण्याचा.

केनिग आणि एगरवारी या दोघा हंगेरियनांचं देणं एका छोट्या तक्त्यात दिसतं. तीन ड्रायव्हर, तीन मार्ग, प्रत्येकाला एकच मार्ग, खर्च शंभर रुपयांच्या पटीत:

| | मार्ग १ | मार्ग २ | मार्ग ३ |
|---|---|---|---|
| क | ७ | ३ | ८ |
| ख | ९ | ४ | १० |
| ग | ६ | ५ | ४ |

सगळ्यात स्वस्त जोडी आधी उचलत गेलं तर क‑२, ग‑३, ख‑१ मिळून १६ होतात. आता प्रत्येक ओळीतून तिची लहानात लहान संख्या (३, ४, ४) वजा करू. मग पहिल्या स्तंभातून २ वजा होतात. तरीही सगळी शून्यं दोनच रेघांनी झाकली जातात: ओळ ग आणि स्तंभ २. केनिगच्या प्रमेयानुसार शून्यं झाकायला कमीत कमी जितक्या रेघा लागतात, तितक्याच स्वतंत्र नेमणुका शून्यांवर करता येतात. म्हणजे तिसरी अडते. न झाकलेल्यांत सर्वांत लहान २ आहे. तो न झाकलेल्या घरांतून वजा करायचा आणि रेघा छेदतात त्या घरात मिळवायचा. आता क‑१, ख‑२, ग‑३ जमतं: ७ + ४ + ४ = १५.

वजा केलेल्यांची बेरीजही ३ + ४ + ४ + २ + २ = १५ येते. एगरवारींचा सिद्धांत तो हाच. ही वजाबाकी खर्चाची खालची मर्यादा ठरवते आणि नेमणूक तिला टेकली की त्याहून स्वस्त काही उरत नाही.

याच संख्या नफ्याच्या धरल्या, तर प्रत्येक संख्या सर्वांत मोठ्या १० मधून वजा करून तक्ता उलटवायचा आणि हीच रीत चालवायची. कुठल्याही पूर्ण नेमणुकीत तीनच घरं असतात, म्हणून मूळ नफा म्हणजे ३० वजा नवी बेरीज. नवी किमान बेरीज ८, म्हणून नफा २२. तो दोन प्रकारे मिळतो: क‑१, ख‑३, ग‑२ किंवा क‑३, ख‑१, ग‑२.

एखाद्या ड्रायव्हरला एखादा मार्ग देताच येत नसेल, तर त्या घरात भलीमोठी संख्या टाकायची, पण नफ्याचा तक्ता असेल तर तो उलटवल्यानंतरच. आधी टाकली तर तीच सर्वांत मोठा नफा ठरते आणि बंद मार्ग उत्तरात येऊन बसतो.