ओपन ऑफर आली म्हणजे सगळे शेअर विकले गेलेच?

"कंपनी दुसऱ्याने घेतली, ओपन ऑफर आली. आता माझे सगळे शेअर त्याच भावाने जाणार ना?"

तशी खात्री नसते. २५ टक्के मताधिकाराची मर्यादा गाठली की सेबीच्या २०११ च्या नियमांनुसार खरेदीदाराला बाकीच्या भागधारकांचे शेअर घेण्याची ऑफर द्यावी लागते, पण ती किमान २६ टक्के भांडवलापुरती.

समजा, एकूण शेअर १ कोटी. प्रवर्तकाने आपले ४५ लाख विकले, लोकांकडे उरले ५५ लाख, आणि ऑफर आहे २६ लाखांची. सगळ्यांनीच शेअर दिले, तर तुमच्या १०० पैकी साधारण ४७ घेतले जातील. बाकीचे डिमॅट खात्यात मोकळे होतील, आणि तोवर बाजारभाव उतरलेला असू शकतो. इथेच लोक फसतात.

ऑफर कामकाजाचे १० दिवस खुली असते. शेअर ब्रोकरमार्फत द्यायचे. एकदा दिले की मागे घेता येत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी घाई नको. स्वतंत्र संचालकांच्या समितीचे मत ऑफर उघडण्याआधीच जाहीर होते, ते वाचा. बाजारभाव ऑफरपेक्षा जास्त असेल, तर सरळ बाजारात विकलेले बरे. आणि काहीच केले नाही, तर शेअर तुमचेच राहतात, मताधिकारासकट.